तक्त्यातला नऊशे अठ्ठ्याहत्तर

डिसेंबरातल्या एका सकाळी माझ्या फोनवर एक फोटो आला. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेला जुना तक्ता, थोडा तिरका, काचेवर खिडकीचा उजेड आणि त्या उजेडात फोटो काढणारीचा हात. पाठवणारी माझी जुनी विद्यार्थिनी. आता त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे दर जूनमध्ये तिला नव्याने कळतं की आपण नोकरीत आहोत. फोटोखाली तिने लिहिलं होतं : ‘सर, कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येतेय, म्हणून याचा नवा तक्ता करायचाय. बुधवारी छपाईला द्यायचा. एकदा बघाल का?’

निवृत्त माणसाला कुणी ‘एकदा बघाल का’ विचारलं की तो दिवसभर बघत बसतो. मी फोटो मोठा करून बघू लागलो.

तो तक्ता आमच्या लॅब असिस्टंटनी केलेला. मी नवा नवा लागलो तेव्हा ते तिथे जुने झालेले होते. मुलं त्यांना काका म्हणत. शिक्षण अकरावीपर्यंत, पण अक्षर असं की प्राचार्य निमंत्रणं त्यांच्याकडून लिहून घेत. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ड्रॉइंग शीटवर टाकाने तीन रकाने आखले : डावीकडे चिन्ह, मध्ये किंमत, उजवीकडे एकक. वरच्या अर्ध्यात रूपांतरं, इंचाचे सेंटिमीटर, कॅलरीचे अर्ग, वातावरणाच्या दाबाचे डाइन. खालच्या अर्ध्यात स्थिरांक. सगळं सेंटिमीटर, ग्रॅम, सेकंद या जुन्या पद्धतीत, कारण आमच्या पट्ट्या सेंटिमीटरच्या होत्या आणि वजनं ग्रॅमची. सुताराकडून चौकट करून घेतली आणि तक्ता दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर लावला. चाचणीच्या दिवशी मुलं पुस्तक उघडू शकत नसत, पण मान वर करायला बंदी नव्हती.

फोटोत दिसलं की काचेमागे कसरीने काम केलंय. आमच्याकडच्या दमट हवेत कागद खाणाऱ्या किड्यांची वानवा नाही. त्यांनी कागद उजवीकडून खायला घेतला होता. चिन्हं शाबूत, किमती शाबूत, एककांचा अर्धा रकाना गेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी प्रयोगशाळेत गेलो. वास तोच, स्पिरिट, पितळेचं पॉलिश आणि ओल्या जांभ्याची भिंत. तिने लॅपटॉप उघडून ठेवला होता.

“मोबाइलच्या अ‍ॅपने फोटोतलं वाचून घेतलं सर. पाच मिनिटांत झालं,” ती म्हणाली. “फक्त एककं जिथे नव्हती तिथे मी घातली.”

पाच मिनिटांत झालेलं काम निस्तरायला आम्हाला अडीच तास लागले. यंत्राला वर चढवलेले घात कळले नव्हते. दहाचा उणे सत्ताविसावा घात खाली उतरून ‘10-27’ झाला होता, म्हणजे दहा वजा सत्तावीस. एके ठिकाणी उणे चिन्ह काचेवरच्या चकाकीत गेलं होतं आणि अणूहून लहान वस्तू सूर्यमालेपेक्षा मोठी झाली होती. अँगस्ट्रॉमच्या डोक्यावरचं वर्तुळ उडून नुसता अँपिअरचा A उरला, त्यामुळे लांबी मोजता मोजता विद्युतप्रवाह सुरू झाला. सिग्माचा शून्य झाला होता. शून्य बरोबर इतकंतितकं, असा तो स्थिरांक वाचून मला काही काळ बरं वाटलं.

पण खरी गोम उजव्या रकान्यात होती. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराची किंमत तक्त्यात 4.80 × 10⁻¹⁰ होती. पुढचं एकक कसरीने खाल्लेलं. तिने तिथे कुलोम लिहिलं होतं.

“प्रभार कुलोममध्येच असतो ना सर?”

“आत्ता असतो. हा काकांच्या काळातला आहे. हा स्थिरविद्युत एककात आहे.”

मग तिने स्वतःच आकडा खोडून 1.602 × 10⁻¹⁹ लिहिलं आणि पुढे कुलोम ठेवलं. “म्हणजे मी इलेक्ट्रॉन तीन अब्ज पट फुगवला होता.”

“समितीला मोठ्या गोष्टी आवडतात,” मी म्हटलं.

मग आम्ही पद्धत ठरवली. किंमत आणि एकक वेगळं करायचं नाही, जोडीने हलवायचं. एक अर्ग म्हणजे 10⁻⁷ ज्यूल, तेव्हा h या स्थिरांकाचा 6.63 × 10⁻²⁷ अर्ग-सेकंद सरळ 6.63 × 10⁻³⁴ ज्यूल-सेकंद होतो. आकडे तेच, घात सातने खाली. जिथे असं जुळलं तिथे कसरीने खाल्लेलं एकक काय असणार हेही कळलं. चिन्हं तिरप्या अक्षरात, एककं सरळ अक्षरात, कारण उष्णतेच्या यांत्रिक तुल्यांकाचं चिन्ह J आणि ज्यूलचंही J. दोन्ही एका ओळीत आले की मुलं एकाने दुसऱ्याला छेदून मोकळी होतात. नवीन किमती तिने अधिकृत यादीतून पडताळल्या. काही वर्षांपूर्वी h आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार e यांच्या किमती व्याख्येनेच पक्क्या केल्यात, त्यांच्यापुढे तिने ‘अचूक’ लिहिलं. विश्वातल्या गुरुत्वाकर्षणाचा मोठा G मात्र अजूनही चौथ्या-पाचव्या अंकाला डगमगतो. त्याला तिने ‘मोजलेला’ लिहिलं. मला तो शब्द आवडला.

आणि मग माझ्या लक्षात आलं की पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाची, लहान g ची ओळ नव्या तक्त्यात वेगळीच दिसतेय. जुन्या तक्त्यात काकांनी लिहिलं होतं : g = 978.4. नव्यात होतं : 9.80665 मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे सेंटिमीटरमध्ये जवळजवळ 981.

“हे कुणी बदललं?”

तिने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. “विभागप्रमुख म्हणाले, ती चूक आहे. पुस्तकात 981 आहे. समितीत बाहेरचे तज्ज्ञ येणार, भिंतीवर 978 बघून हसतील. आणि सर, नवा तक्ता लागला की जुना टाकूनच द्यायचाय. कसर बाकीच्या कागदांना लागेल म्हणाले.”

एवढ्यावर सोडून देता आलं असतं. 9.80665 हा आकडा चुकीचा नाही, जगाने सोयीसाठी ठरवलेला तो प्रमाण आकडा आहे. पण त्या 978 ला मी एकदा शब्द दिला होता.

त्याचं असं झालं. आमच्याकडे दंडलोलकाचा प्रयोग असे. भोकं पाडलेली मीटरभर लांबीची धातूची पट्टी सुरीच्या धारेवर टांगायची, हलकेच झोका द्यायचा, आंदोलनं मोजायची, त्यावरून g काढायचा. दरवर्षी सगळ्या वह्यांत उत्तर 981 येई. इतकं एकमत आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळेबद्दलही नव्हतं. मुलं आधी 981 लिहीत, मग उलटं गणित करून वेळ काढीत, मग ती वेळ निरीक्षणाच्या रकान्यात भरीत. दोन-तीन ठिकाणी दशांश सेकंद इकडेतिकडे करीत, खरं वाटावं म्हणून. मीही विद्यार्थी असताना हेच केलं होतं आणि मास्तर झाल्यावर त्यावर सही करत होतो.

काका मात्र वर्षानुवर्षं मुलांच्या बाजूला उभे. कोण घड्याळ दाबतं आणि कोण नुसती मान हलवतं हे त्यांना दिसे. एक दिवस मला म्हणाले, “सर, जी पोरं खरं मोजतात ना, त्यांचं कमीच येतं. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. मग ती घाबरतात नि दुसऱ्याचं बघून लिवतात.”

“लोलकात दोष असेल,” मी म्हटलं. तेव्हा मी तरुण होतो आणि पुस्तकावर माझा विश्वास होता, विशेषतः न वाचलेल्या भागांवर.

“नाय ओ सर. लोलक बरा आहे.”

त्यानंतर महिनाभर ते रोज कॉलेज सुटल्यावर थांबून मोजत. शंभर आंदोलनांत 978 आणि 981 यांच्यातला फरक पडतो दोन दशांश सेकंदाचा. तेवढी चूक अंगठ्याचीच होते. म्हणून त्यांनी तीनशे मोजायला सुरुवात केली. खिडक्या बंद, पंखा बंद, बाहेरच्या पायरीवर कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ दाबायला जो सापडेल तो. एकदा मीही सापडलो.

महिन्याने त्यांनी आकडा सांगितला. मी हसलो नाही, पण हसल्यासारखं काहीतरी केलं असावं. मग वाचनालयात एक जाडजूड संदर्भग्रंथ उघडला. g सगळीकडे सारखा नसतो. पृथ्वी फिरते आणि मध्यावर जरा फुगलेली आहे, म्हणून विषुववृत्तावर तो 978 आणि ध्रुवावर 983. सूत्रात आमचा सतरावा अक्षांश घातला, समुद्रसपाटी घेतली. उत्तर आलं नऊशे साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. पुस्तकातला 981 कुणा दुसऱ्याच्या गावचा होता. आमची मुलं पिढ्यान्‌पिढ्या रत्नागिरीत बसून परगावचं उत्तर जुळवत होती.

मी काकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “बरं.” दुसऱ्या दिवशी चौकट उघडून त्यांनी 981 वर पांढरा कागद डकवला आणि वर 978.4 लिहिलं. मी म्हटलं होतं, “आता हा आकडा इथून हलणार नाही.” तरुण माणसं असं काहीबाही बोलतात.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, “सर, मला पटतंय. पण मी त्यांना काय दाखवू? तुमची आठवण?”

बरोबर होतं तिचं. आणि तिचा जूनही होता. कंत्राटावरच्या बाईने विभागप्रमुखांशी वाद घालायचा तर हातात कागद लागतो.

रविवारी आम्ही काकांकडे गेलो. ते मालगुंडच्या अलीकडे राहतात. ती स्कूटर चालवत होती आणि मी मागे हेल्मेट घालून, आरे-वारेच्या चढावर तिच्या पर्सला धरून. पुढची दहा वर्षं हा प्रसंग गावात सांगितला जाईल याची मला खात्री होती.

काका अंगणात बसून सुपाऱ्या सोलत होते. म्हातारे झालेत, पण हात तसेच, घाई नसलेले. काकींनी चहा टाकला. मी इकडचं तिकडचं बोललो, मग तक्त्याचा विषय काढला. कसर लागल्याचं सांगितलं.

“लागणारच,” ते म्हणाले. “खळ पिठाची होती. मीच शिजवलेली.”

“नवा करतायत. त्यात g प्रमाण घालायचं म्हणतायत.”

काकांनी एक सुपारी सोलून बाजूला ठेवली. दुसरी हातात घेतली, पण सोलली नाही. “म्हणजे एक्याऐंशी.”

“तसंच.”

“मंग पोरं परत उलटी मोजणार,” ते म्हणाले. रागाने नाही, पाऊस येणार म्हणतात तसं. थोड्या वेळाने म्हणाले, “माझं दुसरं काय ऱ्हायलंय ओ तिथे. तेवढा एक आकडा.”

तिने विचारलं, “काका, तेव्हाची वही आहे का?”

ते आत गेले. पेटी सरकवल्याचा आवाज आला, मग काकींचा, “सगळं खाली काढू नका, मलाच भरायचं आहे परत.” काका आले ते कापडात गुंडाळलेली जर्नल वही घेऊन. कापडात कीड लागू नये म्हणून वाळलेली निरगुडीची पानं होती. कॉलेजातला कागद कसरीने खाल्ला आणि घरातली वही मात्र जशीच्या तशी.

पानापानावर तेच अक्षर. तारीख, खोलीचं तापमान, धारेपासूनची लांबी, तीनशे आंदोलनांची वेळ आणि शेवटच्या रकान्यात घड्याळ कुणी दाबलं ते : शिपाई, एस.वाय.ची मुलगी, वाचनालयातले भाऊ. 482.0, 482.2, 482.1, 482.3, 482.0. ती बोटाने खाली खाली जात होती आणि एके ठिकाणी थांबली. तिथे 481.5 लिहिलेलं होतं आणि त्यावर पट्टीने सरळ एक रेघ मारलेली. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘सर. घाईत होते.’

तिने माझ्याकडे बघितलं.

481.5 म्हणजे बरोबर 981 चं उत्तर. मी कशाची घाई करत होतो ते आठवत नाही. पण मला काय यायला हवंय हे मला आधीच माहीत होतं, आणि अंगठा बिचारा माझाच होता. तीनशे झोके मोजूनही मी मुलांसारखंच पुस्तकातलं उत्तर आणून ठेवलं होतं, फक्त वहीऐवजी घड्याळात.

“तुम्ही तेव्हा बोलला नाहीत,” मी काकांना म्हटलं.

“तुम्ही सर होतात,” काका म्हणाले. “आणि एक काढून टाकला तरी चालत होतं. बाकीचे बरेच होते.”

ती इतकी हसली की काकी बाहेर येऊन बघून गेल्या. मग तिने फोनवर गणित केलं. लांबी 64.0 सेंटिमीटर, एका आंदोलनाला 1.607 सेकंद. उत्तर 978.4. काकांनी ते ऐकलं आणि सुपारी सोलायला घेतली.

सोमवारी ती विभागप्रमुखांकडे वहीचे फोटो आणि अक्षांशाचं सूत्र घेऊन गेली. मी बाहेर बाकावर बसलो. आतून विभागप्रमुखांचा आवाज आला, “पण दोन-दोन g कसे ठेवणार? मुलं गोंधळतील.”

“मुलं आत्ताही गोंधळतात सर. फक्त एका g ने.”

शेवटी दोन ओळी ठरल्या. एक, gₙ, प्रमाण किंमत, 9.80665, पुढे ‘ठरवलेली, अचूक’. खाली दुसरी, g, रत्नागिरी, 9.78, पुढे ‘या प्रयोगशाळेत मोजलेली’. प्राचार्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांना ते भलतंच आवडलं. ‘स्थानिक संशोधन’ असा शब्द त्यांना सुचला आणि समितीच्या अहवालात एक पूर्ण परिच्छेद झाला, ज्यात पहिल्या दोन वाक्यांत त्यांचं मार्गदर्शन होतं आणि लोलक शेवटच्या वाक्यात.

तक्त्याचं लोकार्पणही झालं. लोकार्पण म्हणजे भिंतीवरच्या कागदावरचा पडदा दोरी ओढून बाजूला करणं. दोरी अडकली, ती शिपायाने स्टुलावर चढून सोडवली, टाळ्या वाजल्या. बाहेर लावलेल्या फ्लेक्सवर प्राचार्यांचा फोटो होता, आकाराने तक्त्याच्या दुप्पट. काकांना शाल दिली. ती घडी न मोडता त्यांनी काकींकडे दिली आणि पाहुण्यांची भाषणं चालू असताना उठून तक्त्याजवळ गेले. मीही मागोमाग गेलो, भाषणापासून सुटण्याचं एवढं चांगलं कारण पुन्हा मिळालं नसतं.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बोट काचेवर न टेकवता एकेक ओळ खाली उतरले. g पाशी थांबले.

“चार कुठं गेला?” हळूच म्हणाले.

ती आमच्या शेजारी येऊन उभी होती. “काका, मीटरमध्ये केलंय, म्हणून 9.78. आणि पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर तुमच्या 978 मध्ये पाऊण एककाचा फरक पडतो. त्यामुळे शेवटचा चार आपल्याला म्हणता येत नाही. आला होता हे खरं, पण...”

मला वाटलं त्यांना लागेल. त्यांनी थोडा विचार केला. “चार मलाही पटत नव्हता,” म्हणाले. “पण आलेला. आलेलं कसं खोडायचं म्हणून ठेवला.” मग माझ्याकडे वळून, “तुमचा खोडला होता, ते वेगळं.”

जुना तक्ता त्यांनी मागून घेतला. ती तो उन्हात वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरवरून पोचवून आली. आता तो त्यांच्या पेटीत आहे, वहीच्या खाली, निरगुडीसकट.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा झाल्या. ती वह्या तपासत असताना मी सहज डोकावलो. पहिल्या वहीत g आला होता 978. दुसऱ्या वहीत 978. तिसऱ्या, चौथ्या, आठव्या वहीत 978. निरीक्षणाच्या रकान्यात दोन-तीन ठिकाणी दशांश सेकंद इकडेतिकडे केलेला, खरं वाटावं म्हणून.

मी हसलो आणि मग मला एकदम त्या बंद खिडक्यांची, उकाड्याची आणि तीनशेपर्यंत मोजणाऱ्या संथ आवाजाची आठवण झाली. तो आवाज अडीचशेनंतर जरा खाली येई, झोका लहान झाल्यासारखा.

गठ्ठ्यात खाली एक वही निघाली तिच्यात 972 होता. पुढे मुलीने लिहिलं होतं, ‘तीनशे मोजताना एक आंदोलन चुकले असावे, पुन्हा मोजायला वेळ नव्हता.’ माझ्या विद्यार्थिनीने पेन उचललं, माझ्याकडे बघितलं आणि त्या वहीला सगळ्यांत जास्त गुण दिले. रविवारी काकांना सांगायला हवं, ती म्हणाली, आणि यावेळी हेल्मेट घट्ट बांधा.